कॉस्टिकचा पंप बारा मिनिटं का चालला: अडकलेल्या टायमरमागचे सहा आठवडे

९ जूनच्या रात्री पावणेदोनला फोन आला. "साहेब, कॉस्टिकची टाकी वर आलीय आणि लॅबवाले म्हणतायत चार टक्के." मी एका दूध प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो. पाइपलाइन आणि सायलो न उघडता आतून धुण्याची जी यंत्रणा असते, सीआयपी, तिचा पीएलसी, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर, तोही माझ्याच गळ्यात आहे. तो प्रोग्राम मी लिहिलेला नाही. सात वर्षांपूर्वी एका बाहेरच्या पार्टीने लिहून दिला आणि ते गेले.

आमची कॉस्टिक सोड्याची टाकी हजार लिटरची, द्रावण दीड टक्क्याचं. प्रत्येक धुण्याच्या वेळी कमी झालेलं कॉस्टिक भरून काढायला एक डोसिंग पंप ९० सेकंद चालतो. मिनिटाला चार लिटर, म्हणजे एका वेळी सहा लिटर तीव्र कॉस्टिक. त्या रात्री स्टोअरच्या टाकीत ५४ लिटर कमी भरले. सहा वजा केले की ४८ जास्तीचे, आणि ४८ भागिले ४ म्हणजे बारा मिनिटं. हा आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला, कारण त्या क्षणी हातात तेवढंच होतं.

पहिला संशय साहजिकच रिलेवर गेला. सकाळी पंपाचा कॉन्टॅक्टर उघडला, पॉइंट चिकटलेत का पाहिलं, रिले बदलून टाकला. १८० रुपयांचा रिले. सगळ्यांना हायसं वाटलं. काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, या वेळी सात मिनिटं जास्त.

मग रात्रपाळीच्या शिंदे मामांजवळ जाऊन बसलो. नेमकं काय केलं ते क्रमाने सांगा म्हटलं. मामा आधी जरा बिचकले, आपल्यावर शेकतंय की काय असं वाटलं असावं. नंतर म्हणाले, "रिटर्नची जाळी तुंबली होती. सिलेक्टर मॅन्युअलला टाकला, जाळी काढली, धुतली, बसवली, परत ऑटोला टाकला. नेहमीच करतो." ९ तारखेला किती वेळ लागला होता? "दहा-बारा मिनिटं." एचएमआयच्या, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनच्या, नोंदीत ऑटोतून मॅन्युअलला गेल्याची आणि परत आल्याची वेळ मिळाली. फरक १२ मिनिटं ४ सेकंद.

इथून पुढे प्रोग्राम उघडणं भाग होतं, आणि आमच्याकडे प्रोग्राम उघडायलाही कागद लागतो. लॅपटॉप आत न्यायला गेटपास, पीएलसीला जोडायला मेंटेनन्स हेडची सही, "फक्त बघणार, बदलणार नाही" असं लिहून दिलेलं. दोन दिवस गेले. मूळ फाइल मागायला त्या जुन्या पार्टीला मेल टाकला, तर उत्तर आलं की माणूस पाठवू, दिवसाला १८,००० रुपये आणि गाडीभाडं वेगळं. तोवर प्रोसेसरमधूनच अपलोड केलं. आमचा प्रोसेसर अॅलन-ब्रॅडलीचा कॉम्पॅक्टलॉजिक्स, 1769-L33ER. टॅगची नावं प्रोसेसरमध्येच राहतात, त्यामुळे वाचता आलं. ओळींवरची वर्णनं मात्र आमच्या जुन्या व्हर्जनमध्ये वर चढलेली नव्हती. तुमच्याकडे मूळ फाइल नसेल तर आजच मागून ठेवा, अडचण आल्यावर मागितली की तिला भाव येतो.

मुख्य रूटीन उघडलं आणि पाच मिनिटांत ती जागा दिसली. दिसली म्हणजे नजर तिच्यावरून गेली. कळायला अजून चार दिवस लागले.

```
XIC(Sel_Auto)JSR(R20_CIP_Auto,0);
XIC(Sel_Manual)JSR(R30_CIP_Manual,0);
JSR(R90_Outputs,0);
```

सिलेक्टर ऑटोला असेल तरच ऑटोचं रूटीन बोलावलं जातं, मॅन्युअलला असेल तर मॅन्युअलचं, आउटपुटचं रूटीन मात्र कायम चालतं. वाचायला अगदी नीटनेटकं. डोसिंगच्या दोन ओळी अशा होत्या, पहिली `R20` मध्ये आणि दुसरी `R90` मध्ये:

```
XIC(Step_Dose)TON(T_Dose,?,?);

[XIC(T_Dose.TT) ,XIC(Man_Dose) ]OTE(DO_CausPump);
```

`XIC` ही अट, `TON` हा टायमर, `OTE` हे आउटपुट. `TT` म्हणजे टायमर मोजतोय हे सांगणारा बिट. मोजतोय तोवर पंप चालू, ९० सेकंद झाले की `TT` शून्य आणि पंप बंद.

आता सिलेक्टर ४१व्या सेकंदाला मॅन्युअलला गेला तर काय होतं? माझी समजूत अशी होती की रूटीन बंद झालं म्हणजे टायमरही बंद झाला. तसं होत नाही. `R20` मधली ओळ खोटी होत नाही, ती वाचलीच जात नाही. ओळ खोटी असणं आणि ओळ न वाचली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळ वाचली गेली आणि खोटी निघाली तर टीओएन टायमर स्वतःला शून्य करतो, चालू असल्याचा `EN`, मोजत असल्याचा `TT`, पूर्ण झाल्याचा `DN`, तिन्ही बिट खाली येतात. ओळ वाचलीच नाही तर टायमरला हात लावणारं कुणी उरत नाही. शेवटच्या स्कॅनला, म्हणजे प्रोग्राम वाचण्याच्या शेवटच्या फेरीला, जे होतं ते तसंच राहतं: मोजलेली वेळ `ACC` ४१ सेकंदांवर, `EN` एक, `TT` एक. आणि `R90` रोजच्यासारखं येतं, `TT` एक आहे बघतं आणि पंप चालू ठेवतं. बारा मिनिटं.

हे कागदावर पटलं, पण साहेबांना दाखवायला पुरावा हवा होता. ट्रेंड लावला, `T_Dose.ACC`, `T_Dose.TT` आणि `Sel_Auto`, दर १०० मिलिसेकंदाला एक नोंद. जाळी आपल्या सोयीने तुंबत नाही, त्यामुळे वाट बघणं आलं. २१ जूनच्या पहाटे ते सापडलं. `ACC` ची रेघ तिरकी चढत ४१,२३६ मिलिसेकंदांपर्यंत जाते, तिथून सपाट. `Sel_Auto` शून्य, `TT` एक. त्या वेळी मी प्लांटवरच होतो, म्हणून धावत जाऊन पंप बंद केला आणि मग स्क्रीनसमोर बसलो.

तिथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती कुणी आधी सांगितली असती तर माझे चार दिवस वाचले असते. ऑनलाइन असताना `R20` उघडलं की सगळं जिवंत दिसतं. कडेचे पट्टे हिरवे, कॉन्टॅक्ट हिरवे. रूटीन स्कॅन होत नाहीये याची खूण त्या पानावर कुठेच नसते, कारण ते रंग टॅगच्या आत्ताच्या किमतीवरून भरले जातात. त्याच रूटीनमध्ये लेव्हल स्विचच्या एका ओळीवर पुढचा कॉन्टॅक्ट विझलेला होता आणि त्याच्या टायमरचा `EN` मात्र एक होता. स्कॅन होणाऱ्या ओळीत हे होऊच शकत नाही. अट विझली आहे आणि टायमर तरी चालू म्हणतोय, असं दिसलं की ते रूटीन कोण बोलावतंय ते आधी बघा.

खात्रीच करायची असेल तर रूटीनच्या पहिल्या ओळीत एक मोजणी टाकायची:

```
ADD(Scan_R20,1,Scan_R20);
```

आकडा पळतोय तर रूटीन चालू आहे, थांबला तर नाही. काम झालं की काढून टाकायची. ही मी चालू प्लांटवर टाकली नाही, परवानगी नव्हती. टेबलावर टाकली.

टेबलाची गोष्ट अशी. त्या ट्रेंडमध्ये एक बाब मला पटत नव्हती. मामांनी सिलेक्टर परत ऑटोला टाकला तेव्हा सपाट रेघ ४१,२३६ वरून थेट शून्यावर आली आणि क्रम पुढच्या पायरीवर गेला. माझा हात मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीवर बसलेला. तिथे `CJ` ने उडी मारली की साधा १०० मिलिसेकंदाचा टायमर आहे तिथे थांबतो आणि उडी संपली की तिथूनच पुढे मोजतो. म्हणजे इथे उरलेले ४९ सेकंद मोजायला हवे होते. ते मोजले गेलेच नाहीत. कोण विसरलं?

स्टोअरमध्ये त्याच जातीचा एक स्पेअर प्रोसेसर होता. तो बाहेर काढायला मटेरियल स्लिप, स्टोअरकीपरची सही आणि "संध्याकाळी परत" असं आश्वासन. २४ व्होल्टचा सप्लाय वर्कशॉपमधून उसना, ३५० रुपयांची केबल माझ्या खिशातून. एक टायमर, एक अट असलेला `JSR`, बाकी काही नाही. पुढची पायरीही ठेवली नाही, म्हणजे टायमर पूर्ण झाला तरी त्याला शून्य करणारं कुणी नव्हतं. टायमर ४० सेकंदांपर्यंत चालवला, रूटीन बंद केलं, पाच मिनिटं चहा घेतला, रूटीन चालू केलं. `ACC` एका स्कॅनमध्ये ३,४०,००० च्या वर. ठरवलेली वेळ `PRE` ९०,०००. `DN` लगेच एक.

म्हणजे लॉजिक्समधला टायमर थांबलेला नसतो, फक्त त्याचा आकडा थांबलेला दिसतो. तो घड्याळाची टिकटिक मोजत नाही, दर स्कॅनला वजाबाकी करतो: आत्ताची वेळ वजा मागच्या वेळी मला वाचलं ती वेळ, जो फरक येईल तो `ACC` मध्ये मिळवायचा. पाच मिनिटं वाचलं नाही तर पुढच्या वाचनाला पाच मिनिटं एकदम जमा. मग `DN` लागतो, क्रम पुढे सरकतो, `Step_Dose` खाली येतो आणि टायमर शून्य होतो. हे सगळं एक-दोन स्कॅनमध्ये, साधारण वीस मिलिसेकंदांत. माझा ट्रेंड १०० मिलिसेकंदांचा, त्याला ती उडी दिसणंच शक्य नव्हतं.

या वजाबाकीलाही मर्यादा आहे. मागच्या वाचनाची वेळ टायमर जेवढ्या जागेत ठेवतो तिथे साधारण ६९ मिनिटंच मावतात, त्यापुढे ती पुन्हा शून्यापासून सुरू होते. निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं आहे: टायमर चालू असेल तर ६९ मिनिटांच्या आत त्याला एकदा तरी स्कॅन करा. दोन तास वगळलेला टायमर परत आला की भलताच, कमी आकडा दाखवेल. आणि ही वागणूक सगळीकडे एकसारखी नाही. त्याच घराण्यातल्या जुन्या एसएलसी ५०० मध्ये अडीच सेकंदांपेक्षा जास्त वगळलं की वेळ हरवते आणि हरवल्याचा पत्ताही लागत नाही. सीमेन्सच्या एस७-१२०० मधले आयईसी टायमर लॉजिक्ससारखेच वेळ भरून काढतात, एस७-३०० मधले जुने एस५ टायमर ब्लॉक बोलावला नाही तरी मागे चालूच असतात. एफएक्समध्येही T192 ते T199 हे उडी मारली तरी मोजत राहतात. त्यामुळे एका मशीनवरचा अनुभव दुसरीकडे लावू नका. मी तेच केलं होतं.

हे कळल्यावर जी गोष्ट डोक्यात आली तिने त्या रात्री झोप लागली नाही. डोसिंगचा टायमर जाऊ दे. पण कॉस्टिक फिरवण्याचा टायमर, `T_Circ`, १५ मिनिटांचा, तोही `R20` मध्येच. पाच मिनिटं कॉस्टिक फिरलं, जाळी तुंबली, बारा मिनिटं पंप बंद, परत ऑटो. पाच अधिक बारा सतरा, म्हणजे "फिरवून झालं". प्रत्यक्षात लाइन पाचच मिनिटं धुतली गेली आणि छापील अहवालात पायरी पूर्ण. जास्तीचं कॉस्टिक लॅबमध्ये दिसतं तरी. कमी धुतलेली लाइन अशी दिसत नाही.

सकाळी क्वालिटीच्या मॅडमना जाऊन हे सांगितलं. सांगू की नको असा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. त्या शांतपणे म्हणाल्या, "किती दिवसांपासून?" सात वर्षांपासून, म्हटलं. मग आठ दिवस माझं काम हेच होतं: एचएमआयच्या उपलब्ध नोंदींतून, म्हणजे मागच्या सहा आठवड्यांतून, सीआयपी चालू असताना सिलेक्टर मॅन्युअलला गेल्याच्या सगळ्या वेळा काढायच्या. ३१ निघाल्या. त्यांतल्या ११ वेळा फिरवण्याची पायरी चालू होती. प्रत्येक धुण्यानंतर आमच्याकडे स्वॅब आणि शेवटच्या पाण्याची तपासणी होते, ते कागद मॅडमनी एकेक करून जुळवले. दोन ठिकाणी स्वॅब नापास होऊन लाइन पुन्हा धुतलेली होती, बाकी पास. तेव्हा त्या दोन्हींचं कारण "स्प्रे बॉल चोक" असं लिहिलं गेलं होतं.

दुरुस्तीसाठी बदल विनंतीचा फॉर्म भरला २९ जूनला. पाच सह्या: मेंटेनन्स, उत्पादन, क्वालिटी, सेफ्टी, प्लांट हेड. सेफ्टीने फॉर्म एकदा परत पाठवला, कारण मी "लॉजिकमध्ये किरकोळ सुधारणा" असं लिहिलं होतं. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्यांदा भरताना सरळ लिहिलं: मॅन्युअलमध्ये असताना कॉस्टिकचा पंप चालू राहतो आणि त्याच वेळी माणूस जाळी उघडत असतो. त्यावर दोन दिवसांत सही झाली. शेवटची सही ८ जुलैला मिळाली. तोवर तात्पुरता उपाय म्हणून सिलेक्टरशेजारी हाताने लिहिलेली पाटी: मॅन्युअलला टाकण्याआधी डोसिंग पंपाचा लोकल स्विच बंद करा, आणि धुणं पहिल्यापासून सुरू करा.

बदल तसा लहान. `R20` कायम बोलवायचं आणि ऑटोची अट `JSR` वरून काढून आतल्या ओळींवर न्यायची. म्हणजे मॅन्युअलला गेलं की ओळी वाचल्या जातील, खोट्या निघतील आणि टायमर जागेवर येतील. पण इथे सरसकट चालत नाही. `R20` मध्ये नऊ टायमर होते आणि प्रत्येकाला विचारावं लागलं: मध्ये थांबलास तर तू शून्य व्हायचंस की होतास तिथे थांबायचंस?

डोसिंग शून्य झालं तर परत आल्यावर पुन्हा पूर्ण ९० सेकंद, म्हणजे ४१ अधिक ९०. तेही जास्तच. म्हणून तिथे टीओएन काढून आरटीओ घातला. त्याची ओळ खोटी झाली की `TT` खाली येतो, पंप बंद होतो, पण `ACC` ४१,२३६ वर राहतो, आणि ओळ पुन्हा खरी झाली की तिथून पुढचे ४९ सेकंद. फिरवण्याच्या टायमरलाही आरटीओ, आणि त्याच्या अटीत ऑटोबरोबर फ्लो स्विचही घातला. ही मॅडमची सूचना.

```
XIC(Sel_Auto)XIC(Step_Dose)RTO(T_Dose,?,?);
XIC(Sel_Auto)XIC(Step_Circ)XIC(Flow_OK)RTO(T_Circ,?,?);
```

अलार्मचे टायमर टीओएनच ठेवले, त्यांनी शून्यच व्हायला हवं. आणि त्यातून एक जुनं कोडं सुटलं. ऑटोला परत आलं की "फ्लो कमी" हा दहा सेकंदांचा अलार्म लगेच वाजायचा, इतकी वर्षं. मामा रिसेट दोनदा दाबायचे, नवीन मुलांनाही तसंच शिकवायचे. जाळी तुंबल्यावर तो टायमर पाच-सहा सेकंद मोजून अडकायचा आणि परत येताच मधली सगळी मिनिटं त्याच्या खात्यात जमा व्हायची.

शिवाय क्रम पुढे सरकवणाऱ्या १४ ओळींवर `Sel_Auto` घालावं लागलं. आधी रूटीनच बंद असल्यामुळे त्या आपोआप थांबत होत्या, आता ते कवच गेलं होतं. हे विसरलात तर मॅन्युअलमध्ये क्रम एकटाच पुढे चालू लागेल. ऑटो आणि मॅन्युअल दोन्ही रूटीन एकाच टॅगला `OTE` ने लिहीत नाहीत ना, हेही क्रॉस रेफरन्समधून पाहून घेतलं. असा एक सापडला.

१२ जुलैला दुपारी, धुणं नसताना, ऑनलाइन बदल केले आणि नुसत्या पाण्यावर चाचणी घेतली. डोसिंग पंपाची लाइन बंद करून, आउटपुटचा दिवाच बघायचा. पहिली फेरी सुरेख. ४० सेकंदांना मॅन्युअल, दिवा बंद, आकडा जागेवर. पाच मिनिटांनी ऑटो, उरलेले पन्नास सेकंद, दिवा बंद. मामांनी मान डोलावली. दुसऱ्या फेरीत डोसिंगची पायरी लागली आणि लागताच संपली. दिवा पेटलाच नाही.

आरटीओचा `DN` ओळ खोटी झाल्याने उतरत नाही, त्याला शून्य करणारं `RES` लागतं. पहिल्या फेरीचा `DN` तसाच बसलेला. वीज गेली तरी तो आकडा राहतो. हे मला माहीत होतं, फॉर्ममध्येही लिहिलं होतं, ओळ मात्र घालायची राहिली. अर्ध्या प्लांटसमोर कान लाल झाले. मग ती घातली:

```
XIC(CIP_Start_OS)RES(T_Dose);
XIC(CIP_Start_OS)RES(T_Circ);
```

त्यानंतर पाच फेऱ्या, प्रत्येक पायरीत एकदा सिलेक्टर फिरवून. सहा तास आणि बरंच पाणी गेलं. निकालांचा कागद मॅडमनी फाइलला लावला. सुधारलेला प्रोग्राम दोन ठिकाणी जपून ठेवला, एक प्रत सही करून क्वालिटीकडे.

२३ जुलैला पहाटे जाळी तुंबली. मामांनी सवयीने सिलेक्टर फिरवला, नऊ मिनिटांनी परत ऑटोला टाकला आणि रिसेट दोनदा दाबला. अलार्म वाजलेलाच नव्हता. स्टोअरच्या टाकीत सहा लिटर कमी.